ॲबस्ट्रॅक्ट, सिनॉप्सिस आणि समरी: तिन्हींना ‘सारांश’ म्हणावे का?

शोधार्थिनी
माझा प्रबंध आता शेवटच्या टप्प्यात आहे. विभागाच्या सूचनापत्रात ॲबस्ट्रॅक्ट, सिनॉप्सिस आणि समरी असे तीन शब्द वेगवेगळ्या ठिकाणी आले आहेत, पण कोश उघडला की तिन्हींपुढे ‘सारांश’ हाच अर्थ दिसतो. म्हणून मी समारोपाचे प्रकरण आधी लिहिले आणि तेच कापत कापत बाकीचे दोन मजकूर तयार केले. मार्गदर्शकांनी ॲबस्ट्रॅक्ट परत पाठवले आणि समासात एवढेच लिहिले की, ‘हे वाचून तुम्हाला काय सापडले ते कळत नाही.’ या तीन शब्दांत नेमका भेद काय आहे आणि मराठीत त्यांना काय म्हणावे?

रानवाट
माझ्या समजुतीप्रमाणे भेद लांबीचा आहे. ॲबस्ट्रॅक्ट एका पानात मावते, समरी काही पानांची असते आणि सिनॉप्सिस त्याहून मोठा असतो. मजकूर तोच असल्यामुळे आपण केलेली पद्धत मुळात चुकीची नाही. कदाचित कापताना महत्त्वाची वाक्ये गेली असतील.

कथाघर
सिनॉप्सिसबद्दल मी अनुभवाने सांगतो. कादंबरी प्रकाशकाकडे पाठवताना सिनॉप्सिसमध्ये कथानक शेवटापर्यंत सांगावे लागते. पहिल्या वेळी मी उत्सुकता टिकावी म्हणून शेवट लपवला होता आणि संपादकांनी तो आधी मागवून घेतला. तुम्हीही शेवट लपवू नका.

अक्षरवेल
कथाघर यांचा सल्ला कादंबरीच्या सिनॉप्सिसविषयी असला, तरी प्रबंधाच्या ॲबस्ट्रॅक्टला तो तंतोतंत लागू पडतो. प्रबंधाच्या सिनॉप्सिसकडे नंतर वळते.

लांबीचा फरक दिसतो हे खरे, पण तो मूळ भेदातून आलेला आहे. हा मजकूर कोण वाचणार आणि त्या क्षणी त्याच्या हातात प्रबंध आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. ॲबस्ट्रॅक्टच्या वाचकाने प्रबंध पाहिलेला नसतो, आणि बहुधा तो पाहणारही नाही. ग्रंथालयाच्या सूचीत किंवा शोधाच्या पडद्यावर तेवढाच मजकूर त्याच्यासमोर येतो. समरी प्रबंधाच्या आत, बहुधा शेवटी येते आणि तिचा वाचक आधीची प्रकरणे वाचूनच तिथे पोहोचलेला असतो. हा भेद माझ्या मनचा नाही. ॲबस्ट्रॅक्ट कसे लिहावे याविषयीचे आयएसओ २१४ हे १९७६ सालचे मानक आहे आणि त्यात समरी ही ॲबस्ट्रॅक्टपासून याच कसोटीवर वेगळी केली आहे. प्रबंधासारख्या मोठ्या लेखनाचे ॲबस्ट्रॅक्ट ५०० शब्दांच्या आत आणि शक्यतो एकाच पानावर असावे, असेही ते सुचवते. अर्थात विद्यापीठाने वेगळी मर्यादा घातली असेल, तर तीच पाळावी लागते.

समारोप कापून ॲबस्ट्रॅक्ट का होत नाही, ते आता लक्षात येईल. समारोपात ‘वर मांडलेल्या तुलनेवरून’ असे लिहिले तरी चालते, कारण ती तुलना वाचकाने पाहिलेली असते. तेच वाक्य ॲबस्ट्रॅक्टमध्ये आले की लोंबकळते. आपल्या ॲबस्ट्रॅक्टमधली दोन-तीन वाक्ये इथे दिलीत, तर नेमके बोलता येईल.

शोधार्थिनी
विषय शेतातील आच्छादनाचा आहे. लिहिले होते ते असे: ‘प्रस्तुत प्रबंधात जमिनीतील ओलाव्याचे महत्त्व विशद केले आहे. विविध आच्छादनांचा तुलनात्मक अभ्यास केला असून प्राप्त निष्कर्षांची सविस्तर चर्चा पाचव्या प्रकरणात केली आहे.’

अक्षरवेल
मार्गदर्शकांनी समासात जे लिहिले, त्याचे कारण या वाक्यांतच आहे. आपण प्रबंधात काय काय आहे ते सांगितले, पण काय आढळले ते सांगितले नाही. ही विस्तारलेली अनुक्रमणिका झाली. ‘विशद केले आहे’, ‘चर्चा केली आहे’, ‘आढावा घेतला आहे’ अशी क्रियापदे दिसली की तिथे थांबून, ‘मग काय निघाले?’ असे विचारावे. उत्तर मिळाले की जुने वाक्य काढून तेच तिथे ठेवावे. एखादा आढावाप्रधान ग्रंथ असेल, तर केवळ विषय सांगणारे ॲबस्ट्रॅक्ट चालते. मोजमापे घेतलेल्या प्रबंधाला ते पुरत नाही.

एकच गोष्ट तिन्ही ठिकाणी कशी बदलते ते पाहा. पुढचे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. काम सुरू होण्यापूर्वीच्या सिनॉप्सिसमध्ये येईल: ‘पालापाचोळा आणि प्लास्टिक या दोन आच्छादनांखालील ओलावा दर आठ दिवसांनी मोजला जाईल.’ ॲबस्ट्रॅक्टमध्ये येईल: ‘दोन हंगामांत दर आठ दिवसांनी ओलावा मोजला, पालापाचोळ्याखाली तो उघड्या जमिनीपेक्षा सरासरी चार टक्क्यांनी अधिक आढळला.’ आणि समरीत येईल: ‘दुसऱ्या हंगामात पाऊस लांबल्यामुळे हा फरक कमी झाला, हे चौथ्या प्रकरणात पाहिले, म्हणून पहिल्या प्रकरणातील दुसरे गृहीतक अंशतःच टिकते.’ पहिल्यात भविष्यकाळ आणि बेत आहे, दुसऱ्यात भूतकाळ आणि निष्पत्ती आहे, तर तिसऱ्यात मागच्या प्रकरणांचे धागे जुळवणे आहे.

मुसाफिर
इथे माझा अडथळा सांगतो. मी नोंदणीच्या वेळी सिनॉप्सिस दिला होता. प्रबंध सादर करण्याआधी पुन्हा सिनॉप्सिस मागितला, तेव्हा मी तीच जुनी प्रत तारीख बदलून दिली आणि ती परत आली, त्यात माझा दीड महिना गेला. त्यामुळे सिनॉप्सिस म्हणजे केवळ बेत, हे मला पटत नाही.

अक्षरवेल
आपला आक्षेप रास्त आहे, म्हणूनच मी ‘काम सुरू होण्यापूर्वीच्या’ असे म्हटले होते. या शब्दाचे दोन वापर रूढ आहेत. नोंदणीच्या वेळचा सिनॉप्सिस म्हणजे आराखडा: प्रश्न, आधीच्या अभ्यासातील उणीव, पद्धत, नियोजित प्रकरणे. सादरीकरणापूर्वीचा सिनॉप्सिस झालेल्या कामाविषयी असतो. त्यात प्रत्येक प्रकरणाचा आशय, मुख्य निष्कर्ष आणि काम मूळ आराखड्यापासून कुठे वळले ते येते. दोन्हींचा वाचक मात्र परवानगी देणारा किंवा परीक्षक नेमणारा असतो. शोधार्थिनी, आपल्या सूचनापत्रात कोणत्या टप्प्यावरचा सिनॉप्सिस मागितला आहे, ते आधी पाहा.

रानवाट
लांबीबद्दलचे माझे म्हणणे अपुरे होते, हे मान्य करतो. पण मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न राहिला. ॲबस्ट्रॅक्टला ‘गोषवारा’ म्हणावे असे मी सुचवतो. तो मूळचा फारसी शब्द आहे, अर्थ कानातले आभूषण, आणि पुढे तो हिशेबाच्या संक्षेपासाठी वापरात आला. गोषवाऱ्यात रकमा असतातच. ‘रकमांची चर्चा केली आहे’ असे तिथे कोणी लिहीत नाही.

अक्षरवेल
हे मला फार आवडले. समरीला ‘सारांश’ किंवा प्रकरण असल्यास ‘समारोप’ म्हणता येईल. नोंदणीच्या सिनॉप्सिसला ‘रूपरेषा’ नीट बसते. दुसऱ्या सिनॉप्सिसला मात्र चांगला शब्द सापडत नाही. ‘प्रबंधसंक्षेप’ मी वापरून पाहिला आहे, पण तो ॲबस्ट्रॅक्टच्या फार जवळ जातो.

मुसाफिर
तिथे ‘सिनॉप्सिस’च राहू द्यावा. कार्यालयात दुसरा कोणताही शब्द वापरला की नोंदणीची जुनी प्रत पुढे येते.

शोधार्थिनी
सूचनापत्र पुन्हा पाहिले. सादरीकरणापूर्वीचाच सिनॉप्सिस मागितला आहे. गोषवाऱ्याचे वाक्य असे बदलले: ‘उघड्या जमिनीच्या तुलनेत पालापाचोळ्याखालील ओलावा दोन्ही हंगामांत अधिक आढळला, मात्र पाऊस लांबलेल्या दुसऱ्या हंगामात हा फरक निम्म्यावर आला (आकृती ४.३).’

अक्षरवेल
वाक्य उत्तम झाले आहे. कंसातील आकृतीचा क्रमांक तेवढा काढा, कारण गोषवारा वाचणाऱ्याजवळ ती आकृती नसेल. त्या जागी फरकाचा आकडा लिहा.