मदत हवी आहे: ४ लिटरच्या टबातून ३३च स्कूप निघतात, बाकीचं वितळून जातं का?

आशिष_सातारा: मार्चपासून आईस्क्रीम पार्लर चालवतोय. ४ लिटरचा व्हॅनिला टब ७६० रुपयांना पडतो. आमचा स्कूप ६५ मिलीचा, म्हणजे ६० स्कूप धरून एक साडेबारा रुपयांना बसवला होता. प्रत्यक्षात ३३च निघतात. काचेच्या काउंटरवर -१२ दिसतं, तरी संध्याकाळी वरचा थर मऊ पडतो. वितळून एवढी घट होते का?

बाप्पा७: काउंटर -२० वर ठेवा, घट थांबेल.

सुमेधा_कोल्हापूर: बाप्पा, -२० मागच्या डीप फ्रीझरला ठीक, साठ्याला तेच हवं. काउंटरला तेवढं ठेवलं तर स्कूप आत जात नाही, पोरं तो गरम पाण्यात बुडवून जोर लावतात आणि ते पाणी टबात उतरून बर्फ होतं. काउंटर -१२ ते -१४ बरा.
आशिष, वितळलं तरी वजन टबातच राहतं. फक्त हवा निघून पातळी खाली बसते, आणि परत गोठलं की जिभेला बर्फाचे कण लागतात. तुमचा हिशोब लिटरमध्ये आहे, तिथे चुकतंय. आईस्क्रीममध्ये बरीच हवा असते. स्कूप दाबून भरताना ती निघते, शिवाय गोळा वाटीच्या वर फुगतो. म्हणून लिटर सोडा, ग्रॅम धरा. भरलेला टब, रिकामा टब आणि दहा स्कूप वजन करून सांगा.

निशिगंध: आमच्या किराणा दुकानात लाईट गेली की कँडी वाकडी होते. इन्व्हर्टर घ्यावा का?

सुमेधा_कोल्हापूर: निशिगंध, तो वेगळा विषय, नवीन धागा काढा. तोवर लाईट गेली की झाकण उघडू नका.

आशिष_सातारा: ताई, केलं. टबात निव्वळ २१८० ग्रॅम. दहा स्कूपची सरासरी ६४ ग्रॅम. ३३ स्कूपचे २११२ झाले, उरलेले ६८ ग्रॅम टबाच्या कडेला चिकटलेले!

सुमेधा_कोल्हापूर: म्हणजे वितळून काहीच गेलं नाही, हात सढळ आहे. सध्या एक स्कूप २३ रुपयांना पडतोय. ५२ ग्रॅमवर आलात तर ४० निघतील, १९ रुपयांना. कोन, टिश्यू वेगळे. आठवडाभर पोरांना काट्यावर स्कूप भरायला लावा, हात बसतो. चिकटलेलं रबरी पलित्याने खरवडून घ्या.
वरच्या मऊपणाचं मात्र बघा. काउंटरवरचा आकडा आतल्या हवेचा असतो. सुईचा थर्मामीटर थेट आईस्क्रीममध्ये खुपसा.

आशिष_सातारा: सातला मोजलं. खाली -१२, वरच्या बोटभर थरात -८. टब काउंटरच्या आतल्या भरण्याच्या मर्यादेच्या रेषेच्या वर भरले होते, आता खाली आणले. पण सीताफळ तरी मऊच, शेजारचा व्हॅनिला घट्ट.

सुमेधा_कोल्हापूर: सीताफळात साखर जास्त, ते त्याच थंडीत मऊ राहणार. मी ते काउंटरच्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवते, पण मे महिन्यात तेवढ्याने भागत नाही.

बाप्पा७: मग दोन वेगळे काउंटर?

आशिष_सातारा: एवढं बजेट नाही. एकाच काउंटरमध्ये कोणी जमवलंय का?