सर्दीनंतर कान ठणकतोय, अँटिबायोटिक आजच सुरू करू का?

ओलीमाती: मुलगी ४ वर्षांची, वजन १५ किलो. पाच दिवस सर्दी होती, काल रात्री दोनला रडत उठली, उजवा कान हाताने दाबून धरलेला. ताप १००.४. पॅरासिटॅमॉल दिल्यावर तासाभरात झोपली, सकाळी पोहे खाल्ले, आता खेळतेय. जवळच्या डॉक्टरांनी नुसत्या टॉर्चने बघितलं, इन्फेक्शन आहे म्हणाले आणि अॅझिथ्रोमायसिन तीन दिवस लिहून दिलंय. बाटली आणलीय पण फोडली नाही. काय करू?

घाटमाथा: लगेच सुरू करा, कानाचं दुखणं अंगावर काढू नये, बहिरेपण येतं. आणि कोमट तेलात लसूण घालून दोन थेंब सोडा, आमच्याकडे सगळ्यांना तेच केलंय.

केतकी_बालरोग: तेल अजिबात नको. पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते आत जाईल, शिवाय उद्या तपासताना पडदा दिसणार नाही.
कानात बघायचं ते ऑटोस्कोपने, म्हणजे दिवा आणि भिंग असलेल्या उपकरणाने. पडदा नुसता लाल असेल तर त्यावर जाऊ नका, रडून किंवा तापानेही लाल होतो. बाहेर फुगलेला दिसला तर मात्र ते खरं इन्फेक्शन. तरीही दोन वर्षांवरचं मूल, ताप १०२ च्या खाली, दुखणं औषधाने आवरतंय आणि कान वाहत नाही, तर ४८ ते ७२ तास थांबता येतं, बरीच मुलं आपोआप बरी होतात. त्या काळात दुखणं मात्र नीट आवरा: १५ किलोला एका वेळी साधारण २२५ मिग्रॅ पॅरासिटॅमॉल, म्हणजे ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेल्या सिरपचं साडेचार मिली, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२० चं सिरप वेगळं असतं, बाटलीवर वाचूनच मोजा. अँटिबायोटिक लागलंच तर सहसा पहिली निवड अमॉक्सिसिलिन असते.

रानजाई: माझ्या मुलाला पोहून आल्यावर असंच झालं होतं, ड्रॉप्सने दोन दिवसांत गेलं. ड्रॉप्स का नाही देत?

केतकी_बालरोग: तुमच्या मुलाचा बाहेरच्या नळीचा त्रास असणार, त्यात कान ओढला की जास्त दुखतं. सर्दीनंतर दुखतं ते पडद्याच्या आत, थेंब तिथे पोचत नाहीत.

ओलीमाती: कान ओढून पाहिला, काहीच म्हणाली नाही. थांबते मग. पण कधी धावायचं?

केतकी_बालरोग: ताप १०२ च्या वर गेला, कानातून पू आला किंवा दोन दिवसांनी उतार नसला तर लगेच दाखवा. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, मान आखडली किंवा मूल झोपेतून नीट जागं होत नसलं तर रात्रीच हॉस्पिटल गाठा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र थांबायचं नसतं.

घाटमाथा: पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध न देणं मला पटत नाही.

केतकी_बालरोग: स्वतःहून बंद करू नका म्हणूनच सांगते, त्यांनाच फोन करून विचारा की पडदा दिसला होता का.

ओलीमाती: दुसरी रात्र शांत झोपली, ताप नाही. पण हाक मारली तर ऐकू येत नाही म्हणते, टीव्हीचा आवाज वाढवते. हे पडद्याच्या आत साचलेल्या पाण्यामुळे का? उद्या ऑटोस्कोप असलेल्या डॉक्टरांकडे नेतेय.