टायब्रेकमध्ये सर्व्हिस कोणाची? (सोसायटी टेनिस ग्रुप)

निखिल: काल टायब्रेकमध्ये ४-२ झाल्यावर आपण बाजू बदलल्या. त्यानंतर सर्व्हिस परत प्राचीनेच केली. सलग दोनदा? मी तेव्हा बोललो नाही, पण हे पटलेलं नाही.

प्राची: अरे, माझे दोन पॉइंट होते!

अरविंदकाका: प्राची बरोबर आहे. सेटमध्ये तुमचा क्रम निखिल, सुधीर, मेघना, प्राची असा होता. एक अख्खा गेम एकाच्याच सर्व्हिसवर. ६-६ ला पाळी पुन्हा निखिलची आली. टायब्रेकमध्ये क्रम तोच राहतो, फक्त पाळी लहान होते. पहिला पॉइंट एकटा निखिलचा, मग प्रत्येकाला दोन-दोन. २ आणि ३ सुधीर, ४ आणि ५ मेघना, ६ आणि ७ प्राची, मग ८ आणि ९ परत निखिल. बाजू दर सहा पॉइंटनी बदलतात, त्यामुळे प्राचीची पाळी नेमकी मधोमध तुटते. सहावा पॉइंट इकडून, सातवा तिकडून. घोळ कायम इथेच होतो.

मेघना: आणि रिसीव्ह? मला वाटलं टायब्रेकमध्ये आम्ही जागा बदलू शकतो.

अरविंदकाका: नाही. सेटच्या सुरुवातीला तू डावीकडे आणि निखिल उजवीकडे असं ठरलं, ते सेट संपेपर्यंत. पहिला पॉइंट उजवीकडून, दुसरा डावीकडून, असं आलटूनपालटून. म्हणून निखिलचा पहिला पॉइंट सोडला तर प्रत्येक पाळी डावीकडून सुरू होते. प्राचीचा सहावा तुला, सातवा निखिलला. विसरलात तर दोन्ही स्कोअरची बेरीज करा. सम आली तर उजवीकडून. ४-२ म्हणजे ६, म्हणजे उजवी.

सुधीरकाका: समजा मेघनाच्या पाळीला चुकून निखिलनेच सर्व्हिस केली असती तर? 😀 तो करेलही.

अरविंदकाका: खेळून झालेले पॉइंट तसेच राहतात. एकूण चार पॉइंट झाल्यावर लक्षात आलं तर लगेच दुरुस्ती, पाचवा मेघना करणार. पाच झाल्यावर कळलं तर पाळी संपलेलीच असते, मग बदललेला क्रम तसाच चालू ठेवायचा. ८ आणि ९ मेघनाचे. सम संख्येला सुधारा, विषम संख्येला सोडून द्या. रिसीव्हची जागा चुकली तर मात्र तो गेम, टायब्रेक असला तरी, तसाच पूर्ण करायचा.

निखिल: बरं, मान्य. रविवारी दुसरा सेट आहे. पहिली सर्व्हिस कोणाची?

अरविंदकाका: टायब्रेकची सुरुवात तुमच्या जोडीने केली, म्हणून आता सुधीर-प्राचीची. दोघांपैकी कोणी, ते त्यांनी ठरवायचं. जुना क्रम बांधील नाही. रिसीव्हच्या जागाही आता बदलता येतील, मेघना.

मेघना: मग मी उजवीकडे. निखिल, चालेल ना?

सुधीरकाका: आमच्याकडून प्राची सुरू करेल. माझा खांदा दुखतोय.