बी12 कमी: सुई, साधी गोळी की जिभेखालची? (शाकाहारी आई, मेटफॉर्मिन चालू)

अनघा_कोथरूड
आई 61 वर्षांची, जन्मापासून शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन, सध्या दिवसाला 2000 मिलिग्रॅम. बी12 आलंय 142, हिमोग्लोबिन 11.2. रात्री तळपायांना मुंग्या येतात. फॅमिली डॉक्टर इंजेक्शनचा कोर्स म्हणतात, केमिस्टने जिभेखाली विरघळणारी गोळी दिलीय आणि भाऊ म्हणतो साधी गोळी पुरेल. आईला सुईची धास्ती. तुम्ही काय केलं असतं?

पेठेतला_बापू
इंजेक्शन. यात चर्चा कसली? मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी12 शोषलंच जात नाही. मग ती गोळी पोटातून फिरून जशीच्या तशी बाहेर. सुई थेट स्नायूत जाते, आतड्याचा संबंधच उरत नाही. आमच्या सासऱ्यांनी वर्षभर गोळ्या खाल्ल्या, आकडा जागचा हलला नाही. सुया घेतल्यावर महिन्यात वर.

निवृत्त_फिजिशियन
बापू, आतड्यात अडचण येते हे बरोबर. पण मेटफॉर्मिन शोषण कमी करतं, बंद नाही करत, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

बी12 आत घेण्याचा शरीराचा नेहमीचा रस्ता लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला आहे. जठरातून आलेलं एक प्रथिन त्याला धरून तिथवर आणतं आणि तिथे कॅल्शियमच्या मदतीने ते आत ओढलं जातं. मेटफॉर्मिन याच पायरीवर आड येतं असं मानतात. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितकी तूट जास्त. पण हा रस्ता धडधाकट माणसातही एका वेळेला जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेतो. त्यापुढचं जे काही आत जातं ते कुणाच्याही मदतीशिवाय, नुसतं आतड्याच्या भिंतीतून झिरपून, आणि त्याचं प्रमाण साधारण एक टक्का असतं.

आता हिशेब करा. 1000 मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेतली तर त्यातले 10 झिरपून आत जातात. रोजची गरज दोन-अडीच. म्हणजे नेहमीचा रस्ता पूर्ण बंद आहे असं धरलं तरी गरजेच्या चौपट मिळतं. ज्यांच्यात ते जठरातलं प्रथिनच तयार होत नाही अशा रुग्णांनाही स्वीडनमध्ये कित्येक दशकं मोठ्या डोसच्या गोळ्यांवर ठेवतात, ते याच एक टक्क्याच्या जोरावर.

तुमच्या सासऱ्यांची गोळी कुठली होती? नाव नको, पाकिटावर बी12 च्या पुढे काय आकडा होता तेवढं सांगा.

पेठेतला_बापू
रिकामी पट्टी सापडली. बी-कॉम्प्लेक्स आहे, सगळी बी जीवनसत्त्वं आहेत त्यात. बी12 समोर 15 मायक्रोग्रॅम.

निवृत्त_फिजिशियन
मग उत्तर तिथेच आहे. 15 चा एक टक्का म्हणजे 0.15. मेटफॉर्मिनवाल्या माणसाला तेवढ्याने काय होणार? गोळी नापास झाली असं त्यातून ठरत नाही, डोस नापास झाला. बी-कॉम्प्लेक्स घेऊन 'माझं बी12 चालू आहे' म्हणणारे निम्मे रुग्ण मी याच कोड्यात पाहिलेत.

मृण्मयी_औंध
जिभेखालच्या गोळीला सगळे विसरले. ती पोटात जातच नाही, थेट रक्तात. म्हणजे सुईचा गुण, सुईविना. मी स्वतः तीच घेते, आकडा 180 वरून 600 च्या पुढे गेला.

निवृत्त_फिजिशियन
आकडा गेला असणारच, पण तो जिभेमुळे गेला हे कशावरून? तोंडात विरघळलेलं बहुतेक लाळेबरोबर गिळलंच जातं. तोच डोस काहींना जिभेखाली आणि काहींना गिळायला देऊन तुलना झालेली आहे, रक्तातली वाढ सारखीच निघाली. त्यात 1500 मायक्रोग्रॅम असेल तर उत्तम, घ्या. फक्त 'थेट रक्तात' म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका. ज्यांना गोळी गिळता येत नाही त्यांच्यासाठी ती सोयीची, एवढंच तिचं वेगळेपण.

मृण्मयी_औंध
मला पटलं नाही. मला साध्या गोळीने ॲसिडिटी होते आणि हिने होत नाही. माझ्यापुरतं तेवढं पुरे.

सिंहगडरोडवरून_सुलभाताई
अगं अनघा, एवढं काय घाबरायचं. मला तर डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची पुडी दिली होती, आठ आठवड्यांत कंबरदुखी गेली. आईला तीच दे.

अनघा_कोथरूड
सुलभाताई, ती 60,000 ची पुडी डी3 ची असणार. तीही आईची चालू आहे, वेगळी.

शंकेखोर_शनिवार
मी उलट्या बाजूने बोलतो. पुण्यात शाकाहारी माणसाचं बी12 तपासलं की कमीच येतं. केईएमच्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने 2006 मध्ये छापलेल्या अभ्यासात शहरी मध्यमवर्गीय पुरुषांपैकी 81 टक्के जणांचं कमी निघालं होतं. ऐंशी टक्के लोक आजारी असतात का? मग आपल्यासाठी रेषाच चुकीच्या जागी ओढलीय असं का म्हणू नये? सगळ्यांना सुया टोचणं हा धंदा आहे.

निवृत्त_फिजिशियन
शंका रास्त आहे. पण त्याच अभ्यासात त्यातल्या बहुतेकांचं होमोसिस्टीनही वाढलेलं होतं. बी12 पेशींना कमी पडतंय याची ती खूण. सगळ्यांचं कमी आहे म्हणून ते पुरेसं आहे असं होत नाही.

तुमचा सुईवरचा राग मात्र मला मान्य आहे. त्याच गटाने पुढे जवळच्या गावांत रोज 2 आणि 10 मायक्रोग्रॅम तोंडाने देऊन पाहिलं, तर 2 मायक्रोग्रॅमनेही वर्षभरात होमोसिस्टीन उतरलं. म्हणजे लक्षणं नसलेल्या, नुसत्या शाकाहारी माणसाचं शोषण बहुधा ठीक असतं, फक्त ताटात बी12 नसतं. त्याला सुई कशाला? अनघाच्या आईचं तसं नाही. तिथे ताटही रिकामं आहे आणि आतड्यावर दहा वर्षांचं मेटफॉर्मिनही आहे, त्यामुळे छोट्या डोसवर विसंबता येणार नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या मुंग्या.

अनघा, आईला आणखी काय होतं ते नीट विचारून सांगाल? अंधारात चालताना, किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का? चप्पल पायातून निसटली तर कळतं का?

लॅबवाले_काका
डॉक्टर नाही, पण तीस-एक वर्षं पॅथॉलॉजीत काढलीत. इंजेक्शन घेऊन पंधरा दिवसांनी बी12 तपासायला येणाऱ्यांचा रिपोर्ट 1500, 2000 असा येतो आणि घरी पेढे वाटतात. तो आकडा नुकतीच सुई टोचली एवढंच सांगतो. नसांपर्यंत काय पोचलं ते त्यात दिसत नाही. बापूंच्या सासऱ्यांचा महिन्यातला आकडा त्यातलाच.

दुसरं, रिपोर्टमध्ये एमसीव्ही किती आहे? बी12 कमी असलं की लाल पेशी मोठ्या दिसायला हव्यात. पण आपल्याकडे बायकांना लोहाची कमतरताही असते, ती पेशी लहान करते. दोन्ही मिळून एमसीव्ही अगदी नॉर्मल येतो आणि पाहणारा म्हणतो, बी12 चा काही परिणाम नाही. फेरिटीन करून घ्या.

अनघा_कोथरूड
एमसीव्ही 88, म्हणजे नॉर्मलच लिहिलंय. फेरिटीन करते. आईला विचारलं. डोळे मिटून तोंड धुताना ती एका हाताने बेसिन धरते. मला कधी दिसलंच नव्हतं. म्हणाली, 'वर्षभर तरी असंच आहे, वयाने होतं.' चप्पल निसटण्याचंही हो म्हणाली.

निवृत्त_फिजिशियन
मग माझं मत बदललं. आधी इंजेक्शन, आणि लवकर.

डोळे मिटल्यावर तोल जाणं म्हणजे पाय कुठे आहेत ही खबर मेंदूपर्यंत नीट जात नाही. मधुमेहानेही नसा बिघडतात आणि मुंग्या अगदी तशाच येतात, म्हणून असे कित्येक रुग्ण वर्षानुवर्षं 'शुगरच्या नसा' म्हणून नुसत्या मुंग्यांच्या गोळ्या खात राहतात. डॉक्टरांना 128 चा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर ठेवून कंपन कळतं का ते पाहायला सांगा आणि डोळे मिटून उभं करायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. नसांवर परिणाम असेल तर सुरुवातीला 1000 मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं दिवसाआड देतात, सुधारणा थांबेपर्यंत, मग अंतर वाढवतात. नसांना सावरायला महिने लागतात. जे फार काळ बिघडलेलं असतं ते पूर्ण परत येईलच असं नाही, म्हणून इथे गोळीचा प्रयोग करत बसायचं नाही.

आणि मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका.

पेठेतला_बापू
शेवटी सुईच ना! पहिल्याच ओळीत सांगितलं होतं.

निवृत्त_फिजिशियन
सुईच, पण नसांसाठी. नुसतं मेटफॉर्मिन हे कारण असतं तर गोळी चालली असती. आणि कोर्स संपल्यावर खरा प्रश्न येतो. पाच-दहा सुया घेऊन लोक थांबतात. ताट तेच, मेटफॉर्मिन तेच, त्यामुळे साठा पुन्हा उतरायला लागतो. पुढे रोज 1000 ची गोळी कायम ठेवावी असं मी म्हणेन.

वडगावचा_फार्मासिस्ट
सर, इथे मी वेगळं म्हणेन. रोजची गोळी कागदावर उत्तम. काउंटरवर मी पाहतो, पट्टी संपली की तीन महिने कुणी फिरकत नाही. महिन्याची एक सुई निदान कॅलेंडरवर लिहिता येते. ज्यांच्या नसांना एकदा दणका बसलाय त्यांना मी सुईवरच ठेवायला सांगेन. अपवाद वॉरफॅरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांचा. स्नायूत रक्त साकळू शकतं, तिथे आधी डॉक्टरांना विचारायचं.

निवृत्त_फिजिशियन
गोळी विसरणाऱ्यांसाठी मान्य. पण आई मेटफॉर्मिन रोज न चुकता घेतेच ना? त्याच डबीत ही ठेवता येईल. एक अट मात्र: सहा महिन्यांनी तपासून गोळीवर आकडा टिकतो का ते पाहायचं. टिकला नाही तर जठरातल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी तपासायच्या, कारण मग मेटफॉर्मिनखेरीज दुसरं काहीतरी असण्याची शक्यता आहे.

मृण्मयी_औंध
मिथाइल की सायनो हे कुणी बोललंच नाही. मिथाइलच 'खरं' असतं ना?

वडगावचा_फार्मासिस्ट
आपल्या बाजारात बहुतेक मिथाइलच मिळतं. सायनो स्वस्त आणि टिकाऊ, आणि आत गेल्यावर शरीर दोन्हीचं हवं ते रूप करून घेतं. यावर आमच्यातच रोज वाद होतात.

अनघा_कोथरूड
उद्या संध्याकाळची वेळ मिळालीय. आईला सुईचं अजून सांगितलेलं नाही. काका, होमोसिस्टीन आधी करून घेऊ का?

लॅबवाले_काका
परवडत असेल तर करा, पण रक्त पहिल्या सुईच्या आधी द्या. त्यापायी सुई मात्र लांबवू नका. घरी सॅम्पल घ्यायला येणाऱ्या मुलाला बर्फाचा डबा आणायला सांगा आणि तासाभरात लॅबला पोचव म्हणावं. ट्यूब तशीच गाडीच्या डिकीत फिरली तर लाल पेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा खोटाच वाढलेला दिसतो.