विषय: सुट्या करारांची आणि स्वतंत्र कामे रेझ्युमेवर कशी मांडावीत?

प्रेषक: मेघना, एडिसन

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मी एच-४ ईएडीवर २०१९ पासून डेटा विश्लेषणाची कामे करते आहे. त्यातली काही स्टाफिंग एजन्सीमार्फत करारावर केली, तर काही स्वतः ग्राहक मिळवून. आता कायमस्वरूपी नोकरीसाठी अर्ज करू लागले, तेव्हा लक्षात आले की माझ्या अडीच पानी रेझ्युमेवर नऊ नोंदी आहेत आणि एकही दीड वर्षाच्या पुढे जात नाही. गेल्या आठवड्यात एका रिक्रूटरबाईंनी सरळच विचारले, "तुम्ही दर काही महिन्यांनी नोकरी का सोडता?" मी एकही नोकरी सोडलेली नाही, प्रत्येक करार आपल्या मुदतीने संपला आहे, पण कागदावर ते दिसत नाही हे मलाही मान्य आहे.

क्रम असा आहे. एप्रिल ते डिसेंबर २०१९ एका एजन्सीमार्फत आरोग्य विमा कंपनीत दाव्यांचे अहवाल तयार केले. फेब्रुवारी २०२० ते मे २०२१ या काळात स्वतंत्रपणे एका क्लिनिक समूहाचे डॅशबोर्ड, एका दंतवैद्यांच्या बिलांचे काम आणि एका योगवर्गाची वेबसाइट केली. जून २०२१ ते फेब्रुवारी २०२२ दुसऱ्या एजन्सीमार्फत रुग्णालयाच्या बिलिंग विभागात होते. मार्च ते ऑगस्ट २०२२ ईएडीचे नूतनीकरण अडकल्यामुळे काहीच करता आले नाही. सप्टेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ पुन्हा स्वतंत्र काम, त्यातही तोच क्लिनिक समूह. मे २०२३ ते जून २०२४ तिसऱ्या एजन्सीमार्फत पुन्हा त्याच विमा कंपनीत, आणि जुलै २०२४ पासून पुन्हा क्लिनिक समूह. हे सगळे एकसंध कसे मांडावे?

प्रेषक: सुधीर, प्रिन्स्टन जंक्शन

मेघना, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. स्वतःच्या नावाची एक कन्सल्टन्सी दाखव, "२०१९ ते आजतागायत" एवढेच लिही, आणि एजन्सीची व स्वतंत्र अशी सगळी कामे तिच्याखाली ग्राहक म्हणून घाल. महिने लिहूच नकोस, केवळ वर्षे लिही, म्हणजे मधले खड्डे आपोआप बुजतील. मी निवृत्तीपूर्वी अनेकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. पहिल्या वाचनात नऊ ओळींपेक्षा एक ओळ केव्हाही बरी दिसते.

प्रेषक: वर्षा, पार्सिपनी

नमस्कार मेघना, नमस्कार सुधीरकाका.

भरतीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. एकत्र बांधण्याची काकांची सूचना योग्य आहे, पण ती अर्ध्याच कामांना लागू होते. त्या त्या महिन्यात तुझ्या हातात पगार कोणी दिला, हा प्रश्न आधी विचारायचा. ज्या कामाचा वर्षअखेरीस डब्ल्यू-२ आला, त्यात तू एजन्सीची कर्मचारी होतीस. काम विमा कंपनीच्या इमारतीत बसून केले असले तरी नियोक्ता एजन्सीच ठरते. ज्याचा १०९९-एनईसी आला किंवा जे तू स्वतःच्या बिलावर केलेस, ते स्वतंत्र काम. हे दोन प्रकार एका मथळ्याखाली घातले की पार्श्वभूमी तपासणीत घोटाळा होतो. तपासणी करणारी संस्था विमा कंपनीला फोन करते, तिथे तुझे नाव पगारपत्रकावर सापडत नाही, आणि एजन्सीचा तर तू उल्लेखच केलेला नसतो. उलट बाजूने, 'द वर्क नंबर'सारख्या नोंदवहीत एजन्सीच्या नावाने तुझ्या तारखा असू शकतात आणि त्या तुझ्या कागदाशी जुळत नाहीत. तुझी नोंद तिथे काय सांगते हे तुला स्वतःला विनाशुल्क मागवून पाहता येते; अर्ज करण्यापूर्वी ते जरूर पाहा.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. "२०१९ ते आजतागायत" असे सलग लिहिले तर मार्च ते ऑगस्ट २०२२ या काळातही तू काम करत होतीस असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या काळात तुला काम करण्याचा परवानाच नव्हता. न केलेले काम केल्याचा दावा, तोही नेमका चुकीच्या महिन्यांत, आपल्या हाताने का लिहून द्यायचा? पुढे ग्रीन कार्डाच्या आय-४८५ अर्जात मागील पाच वर्षांचा रोजगार लिहावा लागतो. तो आणि लिंक्डइनवरचा मजकूर एकमेकांशी भांडता कामा नयेत. म्हणून महिने लिहावेत. केवळ वर्षे लिहिलेला रेझ्युमे पाहिला की माझ्यासारखी व्यक्ती पहिल्याच फोनवर महिने विचारते, आणि तिथे अडखळणे अधिक वाईट दिसते.

प्रेषक: रोहन, जर्सी सिटी

वर्षाताई, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी एच-१बीवर आहे आणि दोन वर्षांपूर्वी शनिवार-रविवारी एका परिचितांसाठी मोबाइल अॅप करून दिले होते, त्याचे थोडे पैसेही मिळाले. ते मी "स्वतंत्र प्रकल्प" म्हणून दाखवू शकतो का? शिवाय तारखा बाजूला ठेवून केवळ कौशल्यांनुसार रेझ्युमे लिहिला तर मेघनाताईंचा प्रश्नच सुटणार नाही का?

प्रेषक: वर्षा, पार्सिपनी

रोहन, तुझा पहिला प्रश्न रेझ्युमेचा नाही, परवान्याचा आहे. एच-१बीवर ज्या नियोक्त्याने अर्ज केला आहे त्याच्याच कामाची मुभा असते, त्यामुळे हे इथे सर्वांसमोर लिहिण्याऐवजी आधी इमिग्रेशन वकिलांशी बोल. एच-४ ईएडीवर कोणत्याही नियोक्त्याकडे किंवा स्वतःचे काम करता येते, म्हणून मेघनाची गोष्ट वेगळी आहे. कौशल्यांनुसार लिहिलेल्या रेझ्युमेबद्दल म्हणशील तर तो हाती आला की मी सर्वात आधी त्याच्या तळाशी जाऊन तारखा शोधते. तिथे काहीतरी लपवले आहे असाच वाचणाऱ्याचा ग्रह होतो, आणि मेघनाकडे लपवण्यासारखे काहीही नाही.

आता मेघनाचा कागद. पहिली गोष्ट अशी की, तुझी कामे विखुरलेली नाहीतच. विमा कंपनीचे दावे, क्लिनिकांचे डॅशबोर्ड, रुग्णालयाचे बिलिंग हे सगळे आरोग्यसेवेतल्या पैशांचा माग काढण्याचे काम आहे. फक्त तू कधी बिल पाठवणाऱ्याच्या बाजूला होतीस आणि कधी ते तपासणाऱ्याच्या. दोन्ही बाजू पाहिलेली माणसे फार मिळत नाहीत. हे वरच्या दोन ओळींच्या परिचयातच यायला हवे, म्हणजे पुढची प्रत्येक नोंद वाचणारा त्याच सूत्रात वाचतो. योगवर्गाची वेबसाइट या सूत्रात बसत नाही, ती काढून टाक. दंतवैद्यांचे काम एका ओळीत राहू दे. रेझ्युमेतून एखादे काम वगळणे गैर नाही. मात्र एखाद्या कंपनीच्या अर्जात "मागील सात वर्षांतील सर्व रोजगार लिहा" असे म्हटले असेल, तर तिथे ते लिहावे लागेल.

मग नोंदी चारच उरतात. एजन्सीच्या तीन नोंदींत एजन्सीचे नाव नियोक्ता म्हणून, पदनामाच्या शेजारी "करारावर" हा शब्द, आणि लगेच खालच्या ओळीत ग्राहक कंपनी. शेवटची नोंद साधारण अशी दिसेल (हे मी मराठीत लिहिते आहे, रेझ्युमेवर अर्थातच इंग्रजीत):

"वरिष्ठ डेटा विश्लेषक, करारावर. एजन्सीचे नाव. मे २०२३ ते जून २०२४. ग्राहक: आरोग्य विमा कंपनी, २०१९ मधील कामानंतर त्याच विभागाने पुन्हा बोलावले."

हे शेवटचे वाक्य तुझ्याकडे असलेला सर्वात मोलाचा ऐवज आहे आणि तू ते कुठेही लिहिलेले नाहीस. "नोकरी का सोडता?" या प्रश्नाला त्याहून चांगले उत्तर नाही. तसेच एखादा करार सहा महिन्यांचा असून पुढे वाढवला गेला असेल, तर "सहा महिन्यांचा करार, मुदत वाढवून नऊ महिने" असे स्पष्ट लिही. २०१९ चे तसे होते का?

स्वतंत्र कामाची एकच नोंद कर: "स्वतंत्र आरोग्य-डेटा विश्लेषक, एडिसन", आणि तारखांच्या ओळीत तिन्ही काळ स्वतंत्रपणे लिही. ओळ लांब दिसेल, पण ती खरी असेल. तिच्याखाली क्लिनिक समूह पहिला, कारण तो तिन्ही काळांत आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरताना मात्र एका नोंदीला एकच आरंभ आणि एकच शेवट घालता येतो. तिथे हीच नोंद तीन वेळा भर, आणि काम संपण्याचे कारण विचारले तर "करार पूर्ण झाला" एवढेच लिही.

प्रेषक: प्रकाश, ब्रिजवॉटर

नमस्कार. माझ्या मुलाने महाविद्यालयात असताना चार इंटर्नशिप केल्या आहेत. त्याही अशाच एकत्र बांधाव्यात का? आणि मेघनाताईंनी पानांची संख्या वाढवण्यासाठी योगवर्ग ठेवायला काय हरकत आहे?

प्रेषक: वर्षा, पार्सिपनी

प्रकाशजी, इंटर्नशिप मुळातच ठरावीक मुदतीची असते हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून ती एकत्र बांधण्याची गरज नाही. प्रत्येक कंपनीचे नाव स्वतंत्र दिसू द्यावे. मेघनाला पाने वाढवायची नसून कमी करायची आहेत.

प्रेषक: मेघना, एडिसन

वर्षाताई, मनःपूर्वक आभार. होय, २०१९ चा करार सहा महिन्यांचाच होता, नंतर वाढवला. पुन्हा लिहायला बसल्यावर दोन अडचणी आल्या. तिसऱ्या एजन्सीच्या करारात ग्राहकाचे नाव जाहीर न करण्याचे कलम आहे. आणि पहिली एजन्सी आता बंद झाली आहे; तिथे फोन केला तर उचलायला कोणीही नाही. शिवाय २०२२ चे ते सहा महिने रेझ्युमेवर मोकळेच सोडावेत की तिथे काही लिहावे?

प्रेषक: सुधीर, प्रिन्स्टन जंक्शन

परवान्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तेवढ्यापुरती माझी सूचना मागे घेतो. पण मोकळे महिने मोकळे सोडू नयेत या मताला मी चिकटून आहे. "कामाच्या परवान्याचे नूतनीकरण" अशी एक ओळ लिहावी. वाचणाऱ्याला अंदाज बांधायला जागा का ठेवायची?

प्रेषक: वर्षा, पार्सिपनी

काका, यावर आमच्या कार्यालयातही एकमत नाही. माझे मत असे की रेझ्युमेवर व्हिसाचा विषय स्वतःहून आणू नये, कारण ती ओळ वाचून काही जण स्पॉन्सरशिपच्या शंकेनेच कागद बाजूला ठेवतात. विचारले तर फोनवर एका वाक्यात खरे सांगावे. माझ्या एक सहकारी नेमके तुमच्यासारखे म्हणतात, आणि त्यांच्या उमेदवारांचेही काही अडलेले नाही.

मेघना, ग्राहकाचे नाव जाहीर करता येत नसेल तर "पूर्व किनाऱ्यावरील मोठी आरोग्य विमा कंपनी" असे लिही. मात्र एक पाहा: २०१९ च्या नोंदीत त्याच कंपनीचे नाव छापून इथे "त्याच विभागाने पुन्हा बोलावले" म्हटलेस, तर कलम मोडल्यासारखेच झाले. म्हणून दोन्ही ठिकाणी नाव टाळावे लागेल. बंद झालेल्या एजन्सीसाठी २०१९ चा डब्ल्यू-२ शोधून ठेव. तो हरवला असेल तर आयआरएसच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातून त्या वर्षाची वेतन आणि उत्पन्नाची प्रतिलिपी मागता येते, तिच्यात नियोक्त्यांनी कळवलेले डब्ल्यू-२ आणि १०९९ दोन्ही दिसतात. मात्र ही प्रतिलिपी ठरावीक वर्षांपुरतीच मागे जाते, म्हणून ते काम लांबणीवर टाकू नकोस. दंतवैद्यांनी कार्डाने किंवा अॅपवरून पैसे दिले असतील तर त्यांच्याकडून १०९९-एनईसी आलेला नसेल. तिथे तुझी बिले, बँकेच्या नोंदी आणि त्या वर्षीच्या विवरणपत्रातील शेड्यूल सी एकत्र ठेव. तपासणी करणारे बहुधा तेवढ्यावर समाधान मानतात.