पासपोर्ट फक्त तिलाच का मागितला?

मुग्धा: माझी मैत्रीण मणिपूरची, मैतेई. पुण्यात फ्लॅट बघायला दोघी गेलो. मालकांनी माझं आधार घेतलं आणि तिला पासपोर्ट-व्हिसा मागितला. हा वंशभेद की नुसतं अज्ञान? कायद्यात यावर काही आहे का?

श्रीकांतकाका: अज्ञानच. शाळेत ईशान्य भारत दोन पानांत उरकतात. शिवाय भाडेकरू परदेशी असेल तर मालकाला वेगळा फॉर्म भरावा लागतो, त्या धास्तीने विचारलं असेल. आधार दाखवलं की विषय संपला.

तुषार: संपत नाही, काका. माझी बायको मिझोरामची. एका लेण्याच्या खिडकीवर मला ४० चं तिकीट, तिला ६०० चं. तिने आधार दिलं तर ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हिंदी बोलून दाखवा." आमची सहा वर्षांची पोरगी शेजारी उभी होती. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "आई कुठल्या देशाची?"

विनय: परक्या शहरात सगळ्यांनाच सोसावं लागतं. दिल्लीत मला मराठी म्हणून खोली नाकारली होती.

तुषार: नाकारली हे वाईटच. पण तुला पासपोर्ट मागितला का?

अ‍ॅड. वैदेही: मुग्धा, कायद्याचं सांगते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याची केसांवरून टिंगल झाली, मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतर बेझबरुआ समितीने दंड संहितेत दोन नवी कलमं सुचवली. त्यातल्या ५०९-ए नुसार वंशावरून हिणवणारा शब्द किंवा हावभाव हाच गुन्हा ठरला असता. ती कलमं आलीच नाहीत, १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या न्याय संहितेतही नाहीत.

मग उरतो अ‍ॅट्रॉसिटी कायदा. 'चिंकी' म्हणणाऱ्यावर तो लावा, असं केंद्राने २०१२ मध्येच राज्यांना कळवलं होतं. जमात दुसऱ्या राज्याच्या यादीतली असली तरी इथे संरक्षण मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलं. म्हणजे तुषारच्या पत्नीला हा आधार आहे. तुझ्या मैत्रिणीला नाही, कारण मैतेई अनुसूचित जमातींत येत नाहीत. शिवी तीच, गल्ली तीच.

आणि जिथे कायदा लागू होतो तिथेही आरोपी म्हणू शकतो, "ती आदिवासी आहे हे मला कुठे ठाऊक? मला ती चिनी वाटली." काका, अज्ञान म्हणून सोडून द्या म्हणता, तेच कोर्टात त्याच्या बचावाला येतं.

श्रीकांतकाका: हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरी सांगतो, घाबरलेल्या मालकाला आणि शिवी देणाऱ्याला मी एका मापाने मोजणार नाही.

मुग्धा: मालकांचा काल फोन आला. फ्लॅट द्यायला तयार आहेत, पण करार फक्त माझ्या नावावर. वैदेहीताई, यावर काही करता येईल?

अ‍ॅड. वैदेही: घर कुणाला द्यायचं हे खासगी मालकाच्या हातात असतं, त्यामुळे सक्ती करणं अवघड. तिचं नाव नसेल तर तू सही करू नकोस. उद्या वाद झाला तर ती तिथे राहत होती याचा तिच्याकडे एक कागदही नसेल.