मदत हवी आहे: मफलरच्या कडा गुंडाळतायत

ताई-मावश्यांनो, मी खानापूरची. थंडीसाठी ४ नंबरच्या सुयांवर ॲक्रिलिक लोकरीचा मफलर विणतेय. एक ओळ सुलट, एक उलट, ४० टाके. निम्मा झालाय, पण बाजूच्या कडा मागे वळून अगदी सुरळी होते, आणि खालची कड पुढे येते. सगळे सुलट टाके एकाच बाजूला तोंड करून असल्याने असं होतं, हे कळलंय.

दोन्हीकडे दोन-दोन टाके सुलट-सुलट ठेवून पाहिले, तर ती बारीक पट्टीही सोबत वळली! भिजवून, टाचण्या लावून वाळवलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. नमुन्याच्या तुकड्यावर इस्त्रीची वाफ दिली तेव्हा तो सपाट झाला, पण लिबलिबीत पडला, लोकरीचा जीवच गेला. त्यामुळे मफलरला वाफ नको.

उसवायचं जिवावर आलंय. बाजूने दर चार ओळींना तीन टाके उचलून नंतर सुलट-सुलट पट्टी विणली, तर कड सपाट राहील का? किती ओळींची लागेल? की उसवून, सुरुवातीपासून पाच-सहा टाक्यांची कड घेणंच बरं?